जाहिरात नसलेल्या नोकरीसाठी ई-मेल कसा लिहावा?



पत्रलेखन शिकवताना आपण मुलांना नोकरीचा अर्ज शिकवतो. वर 'प्रति', मग 'विषय', मग 'संदर्भ : अमुक तारखेची जाहिरात', शेवटी 'आपला विश्वासू'. हा साचा चांगलाच आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जाहिरात. जाहिरातच आलेली नसेल तर 'संदर्भ' या ओळीत काय लिहायचं? आणि वाचणाऱ्याने पत्र मागवलेलंच नसेल, तर त्याने ते का वाचावं?

हा प्रश्न आपल्या नवी मुंबईत वरचेवर पडतो. वाशी, बेलापूर, महापे, ऐरोली इथे लहान-मोठी हजारो ऑफिसं आहेत. दहा-वीस माणसांच्या ऑफिसात जागा रिकामी झाली की साहेब आधी स्वतःच्या माणसांना विचारतात, "कोणी ओळखीचं आहे का?" बहुतेक वेळा तिथेच काम होतं आणि जाहिरात निघतच नाही. म्हणजे जागा असते, पण ती फक्त एका माणसाच्या डोक्यात असते. त्या माणसापर्यंत ओळखीशिवाय पोहोचायचं साधन म्हणजे हा ई-मेल. तो कसा लिहायचा, ते आज एका उदाहरणातून पाहू.

आधी १९७४ सालचं एक पोस्टकार्ड

सुधा मूर्ती यांची ही गोष्ट अनेकांना माहीत असेल. त्या तेव्हा बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. नोटीस बोर्डावर त्यांनी टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, जाहिरात पाहिली. इंजिनिअर हवे होते, पण खाली लिहिलं होतं की महिलांनी अर्ज करू नये. म्हणजे जाहिरात होती, पण त्यांच्यासाठी जागा नव्हती. त्यांनी अर्ज केला नाही. सरळ जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि टाटांसारख्या संस्थेने असा भेद का करावा, हे विचारलं. दहा दिवसांच्या आत तार आली, मुलाखतीला पुण्याला या, प्रवासखर्च कंपनीचा. पुढे त्यांची निवडही झाली.

ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो. पण पत्रलेखनाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक बारकावा आहे. टेल्कोचे अध्यक्ष तेव्हा जे.आर.डी. नव्हते, सुमंत मूळगावकर होते. सुधाताईंना हे माहीत नव्हतं. टाटांची कंपनी आहे म्हणून त्यांनी टाटांनाच लिहिलं. ते कार्ड वाचलं गेलं आणि योग्य माणसांपर्यंत पोहोचलं, म्हणून काम झालं.

आज ही वाट धरू नका. मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखाला रोज शेकडो मेल येतात, तिथे आपला मेल हरवतो. त्या पोस्टकार्डातलं घेण्यासारखं आहे ते वेगळंच. ते छोटं होतं, त्यात एकच मुद्दा होता आणि तो वाचणाऱ्याच्या कंपनीबद्दल होता. योग्य माणूस शोधायचं काम मात्र आज आपल्यालाच करावं लागतं.

आपलं उदाहरण

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आई. नाव सांगत नाही, 'ताई' म्हणू. राहायला कोपरखैरण्यात. लग्नाआधी आणि नंतर मिळून ५ वर्षं त्यांनी बेलापूरला एका कस्टम ब्रोकरकडे एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनचं काम केलं. मुलगा लहान होता म्हणून ४ वर्षं घरी होत्या. तो पहिलीत आल्यावर त्यांनी नोकरीच्या वेबसाइटवर अर्ज भरायला सुरुवात केली. कुठूनच उत्तर येईना. अशा वेबसाइटवर एका जागेला ढीगभर अर्ज येतात आणि मध्ये गॅप दिसला की बायोडेटा बहुधा पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. घराचा हप्ता आणि शाळेची फी एकाच पगारावर चालली होती, त्यामुळे 'बघू पुढच्या वर्षी' म्हणायची सोय नव्हती.

ऑक्टोबरात त्या मला मेलचं मराठी तपासून घ्यायला भेटल्या. त्यांनी लिहिलेला मजकूर असा होता :

*महोदय, मी एक होतकरू व प्रामाणिक उमेदवार असून मला नोकरीची नितांत गरज आहे. आपल्या नामांकित कंपनीत माझ्या शिक्षणास व अनुभवास अनुरूप एखादे पद रिक्त असल्यास कृपया माझा विचार व्हावा, ही नम्र विनंती.*

शुद्धलेखन उत्तम! आपण पाच पैकी पाच गुण देऊ. पण ऑफिसात बसलेल्या माणसाच्या जागी जाऊन हे वाचा. 'अनुरूप पद' कोणतं, ते त्यानेच शोधायचं. अनुभव कशाचा, त्यासाठी बायोडेटा उघडायचा. 'विचार व्हावा' म्हणजे नक्की काय करायचं, तेही त्यानेच ठरवायचं. सगळं काम वाचणाऱ्यावर टाकलंय. शिवाय हा मेल कुठल्याही कंपनीला चालला असता. त्यामुळे तो कोणालाच आपल्यासाठी लिहिलेला वाटत नाही.

पहिली पायरी : गरज कुठे आणि केव्हा असेल?

जाहिरात नसते तेव्हा जाहिरातीचं अर्धं काम आपण करायचं असतं. कोणाला, कधी, कशासाठी माणूस लागेल याचा अंदाज बांधायचा.

ताईंचं काम निर्यातीच्या कागदपत्रांचं. वाशीच्या एपीएमसी परिसरात फळं निर्यात करणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत. नाशिक भागातली द्राक्षं साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरने युरोपला जातात. पाठोपाठ आंब्याचा हंगाम. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने या ऑफिसांत कागदपत्रांची झुंबड असते.

इथे कागदपत्रांची चूक महाग पडते. समजा पॅकिंग लिस्टवर खोकी ४.५ किलोची आहेत आणि इन्व्हॉइसवर वजन चुकून ५ किलोच्या हिशोबाने धरलं. आकडे जुळत नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत कंटेनर अडतो, आणि आत असतात द्राक्षं! लोखंडी सामान चार दिवस थांबेल, द्राक्षाचं प्रत्येक दिवशी आयुष्य कमी होतं. वर थंड कंटेनर बंदरात विजेवर चालू ठेवायचा खर्च वेगळा. म्हणून हंगामात त्या ऑफिसला नवशिका नको असतो, डोळ्यात तेल घालून आकडे ताडणारा माणूस हवा असतो.

वेळ कोणती? जानेवारीत मेल पाठवला तर साहेबांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जूनमध्ये पाठवला तर गरजच नसते. नोव्हेंबरच्या मध्यावर हंगामाची तयारी चाललेली असते आणि 'यंदा हात कमी पडणार' हे दिसायला लागलेलं असतं. ताईंनी तीच वेळ धरली.

दुसरी पायरी : माणूस कोण?

`info@` किंवा `hr@` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर पाठवलेला असा मेल बहुधा तिथेच राहतो. कारण एचआरकडे मंजूर झालेल्या जागांची यादी असते आणि आपली जागा त्या यादीत अजून आलेलीच नसते. जो उद्या आपला साहेब होईल, ज्याचं काम आपल्यामुळे हलकं होईल, त्याला लिहायचं.

शेतमाल निर्यातीसाठी अपेडा ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या वेबसाइटवर निर्यातदारांची यादी मिळते. त्यातून ताईंनी नवी मुंबईचे पत्ते असलेल्या द्राक्ष आणि आंब्याच्या कंपन्या निवडल्या आणि त्यांच्या वेबसाइट पाहिल्या. मग ऑफिसच्या नंबरवर फोन करून एकच प्रश्न विचारला, "द्राक्षाच्या शिपमेंटचे कागद तुमच्याकडे कोण बघतं? त्यांना मेल करायचाय." 'नोकरी आहे का' असं विचारलं असतं तर 'नाही' म्हणून फोन ठेवला गेला असता. हा प्रश्न साधा आहे, त्याला उत्तर मिळतं. आठ ठिकाणी फोन केले, पाच ठिकाणी नाव आणि मेलचा पत्ता मिळाला. पाच पुरेत. पन्नास कंपन्यांना एकच मेल पाठवण्यापेक्षा पाच जणांना पाच वेगळे मेल पाठवणं जास्त कामाचं.

तिसरी पायरी : मेल

शेवटी तयार झालेला मेल असा होता :

> विषय : द्राक्ष हंगामासाठी एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन : ५ वर्षांचा अनुभव, कोपरखैरणे
>
> श्री. ______ सर, नमस्कार.
>
> आपली कंपनी युरोपला द्राक्षं पाठवते, हे आपल्या वेबसाइटवर पाहिलं. जानेवारीपासून कागदपत्रांचं काम एकदम वाढत असेल, म्हणून आत्ताच लिहीत आहे.
>
> मी बेलापूर येथे एका कस्टम ब्रोकरकडे ५ वर्षं एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन केलं आहे. रोज साधारण १५ शिपिंग बिलांची चेकलिस्ट मी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टशी ताडून पाहत असे. त्यांत फळं आणि भाज्यांचे कंटेनरही असत, त्यामुळे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवरची खोक्यांची संख्या आणि वजन जुळवण्याची सवय आहे.
>
> मुलगा लहान असल्याने गेली ४ वर्षं काम बंद होतं. आता तो शाळेत जातो. मी सोमवार ते शनिवार पूर्ण वेळ येऊ शकते.
>
> या हंगामात आपल्याला या कामात मदत लागणार असेल, तर पुढच्या आठवड्यात १५ मिनिटं भेटायला येऊ का? मंगळवार किंवा गुरुवारी सकाळी ११ नंतर मला जमेल. एका पानाचा बायोडेटा जोडला आहे.
>
> आपली,
> (नाव, मोबाइल नंबर)

मोबाइलवर फारसं न सरकवता वाचून होतो, मिनिटभरात. आता यातलं एकेक वाक्य तिथे का आहे ते बघू.

*विषय.* 'नोकरीबाबत अर्ज' लिहिलं असतं तर मेल न उघडताच कळलं असतं की कोणीतरी काहीतरी मागतंय. इथे आधी वाचणाऱ्याचं काम आहे, मग आपला अनुभव, मग राहण्याचं ठिकाण. कोपरखैरणे लिहिल्यामुळे माणूस वेळेवर पोहोचेल हेही न सांगता कळतं.

*पहिला परिच्छेद.* यात ताईंबद्दल काही नाही, कंपनीबद्दल आहे. पण स्तुती नाही. 'आपली नामांकित कंपनी' हे कोणीही लिहितं. 'युरोपला द्राक्षं' हे वेबसाइट पाहिलेलाच लिहितो.

*पुरावा.* 'मेहनती', 'प्रामाणिक' ही विशेषणं आहेत, ती तपासता येत नाहीत. 'रोज १५ चेकलिस्ट' तपासता येतं. भेटीत साहेब दोन प्रश्न विचारतील आणि खरं-खोटं लगेच कळेल. म्हणून आकडा खराच हवा.

इथली एक गंमत सांगते. आधी या जागी दुसरंच वाक्य होतं. निर्यातदाराने भरलेला आयजीएसटी परत मिळताना शिपिंग बिलातला आणि जीएसटी रिटर्नमधला इन्व्हॉइस नंबर जुळला नाही की `SB005` हा एरर येतो आणि रिफंड अडकतो. असे अडकलेले रिफंड सोडवण्यात ताई पटाईत होत्या, आणि त्यांना तेच सर्वांत आधी सांगायचं होतं. पण ताज्या द्राक्षांवर जीएसटीच नाही, मग रिफंड कुठला? कागदांचं काम बघणाऱ्या साहेबांना ते वाक्य वाचून वाटलं असतं की या बाईंना आमचा धंदा माहीत नाही. मग ताईंनीच ते काढलं. आपलं सगळ्यात भारी काम सांगायचं नसतं, वाचणाऱ्याच्या कामी येईल ते सांगायचं. तोच अनुभव एखाद्या इंजिनिअरिंग माल निर्यात करणाऱ्या कंपनीला लिहिताना पहिल्या ओळीत आला असता.

*गॅप.* लपवला तर बायोडेटात दिसतोच आणि मग संशय येतो. लांबवला तर रडगाणं होतं. कारण एका वाक्यात, आणि लगेच आता काय शक्य आहे ते. बस.

*शेवटची विचारणा.* ही सगळ्यात महत्त्वाची. 'नोकरी द्या' ही मागणी मोठी आहे. तिला 'हो' म्हणायला साहेबांना मालकाला विचारावं लागेल, पगार ठरवावा लागेल. म्हणून ते काहीच म्हणत नाहीत. '१५ मिनिटं भेटू का, मंगळवारी की गुरुवारी' याला ते स्वतःच्या अधिकारात, एका शब्दात उत्तर देऊ शकतात. मेलचं काम तेवढंच. नोकरी मेलने मिळत नसते, भेट मिळते.

ऑफिसचा व्यवहार इंग्रजीत चालत असेल तर मेल इंग्रजीत लिहावा. क्रम हाच ठेवावा आणि वाक्यं अशीच छोटी.

पाठवल्यानंतर

बायोडेटा एका पानाचा, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. आधार, पॅन, मार्कशीट काहीही पहिल्या मेलला जोडू नये. त्याची तिथे गरज नसते आणि अनोळखी हाती आपले कागद का द्यायचे? मेल स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून जावा, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नव्हे.

आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करावी : 'सर, मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. हंगामाच्या कामासाठी भेटता येईल का?' एकदाच. त्यानंतरही शांतता असेल तर तिथे थांबावं. रोज फोन केला तर पुढच्या वर्षीचं दारही बंद होतं.

शांततेवरूनही काही कळतं. मेल लगेच परत आला तर पत्ता चुकलाय. चार-पाच नीट लिहिलेले मेल जाऊनही कुठूनच उत्तर नाही, तर बहुधा माणूस किंवा वेळ चुकली आहे. उत्तरं येतात पण 'आमच्याकडे तसं काम नसतं' अशी येतात, तर पुरावा त्यांच्या कामाचा नाही. 'बायोडेटा एचआरला पाठवा' असं आलं तर त्याला नकार समजू नये. एचआरला लिहिताना 'अमुक सरांनी सांगितल्यावरून' ही ओळ वर घालता येते. आपल्या शाळेच्या साच्यातल्या 'संदर्भ'ची जागा तीच!

उत्तरादाखल कोणी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा गणवेशाच्या नावाने पैसे मागितले, तर तिथेच थांबायचं. कामाला ठेवणारा पैसे देतो, मागत नाही.

ताईंच्या पाच मेलपैकी तिघांकडून काहीच आलं नाही. एकांनी लिहिलं, 'सध्या गरज नाही.' एकांनी गुरुवारी बोलावलं. तिथे त्यांच्यासमोर एक इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट ठेवली आणि 'यात काय चुकलंय सांगा' म्हणाले. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंतचं काम ठरलं, पगार आधीच्या नोकरीपेक्षा थोडा कमी. एप्रिलनंतर पुढे चालू राहील की नाही, हे तेव्हा कोणीच सांगितलं नव्हतं. पण बायोडेटातला गॅप तिथे संपला.

ही पद्धत कुठे चालत नाही?

आपल्या डी.एड. झालेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे मुद्दाम सांगते. जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि अनुदानित शाळांमधली शिक्षक भरती टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल याच वाटेने होते. तिथे शिक्षणाधिकाऱ्यांना कितीही सुंदर मेल लिहिला तरी उपयोग नाही, कारण निवड त्यांच्या मर्जीवर नसते. सरकारी खाती आणि सरकारी बँका यांचंही तसंच.

स्वयंअर्थसहाय्यित खासगी शाळांत मात्र मुख्याध्यापकांना असा मेल जरूर लिहावा. तिथलाही हंगाम ओळखायचा. जूनमध्ये शाळा सुरू होत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत कोण सोडून जाणार, किती तुकड्या वाढणार याचा अंदाज येऊ लागतो. पुरावाही तसाच हवा. 'मला मुलांची आवड आहे' यापेक्षा 'दुसरीच्या ४० मुलांपैकी ११ जणांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती, त्यांच्यासाठी मी अमुक केलं आणि वर्षअखेरीस इतकी मुलं वाचू लागली' हे वाचून मुख्याध्यापक भेटायला बोलावतील.

वर्गात आणि घरी करून पाहण्यासाठी

आठवी ते दहावीच्या मुलांना शाळेजवळचं एक दुकान, दवाखाना किंवा वर्कशॉप निवडायला सांगा. त्यांनी तिथे नुसतं निरीक्षण करायचं आणि तीन ओळी लिहायच्या : इथे गर्दी कधी होते, तेव्हा कोणतं काम मागे पडतं, ते काम कोणाच्या अंगावर असतं. मग त्या माणसाला आठ वाक्यांचा मेल लिहायचा. अट एकच, 'होतकरू', 'प्रामाणिक', 'नामांकित' आणि 'नितांत' हे चार शब्द वापरायचे नाहीत. लिहून झालं की वह्या बदला आणि दुसऱ्या मुलाला विचारा, "हा मेल तुला आला असता तर तू काय उत्तर दिलं असतंस?" उत्तर 'हो, ये' किंवा 'नको' असं एका शब्दात देता आलं, तर मेल जमला. 'म्हणजे नक्की काय करू?' असं त्याने विचारलं, तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहायला लावा.